४५ चा वर्ग २०२५ कसा झटक्यात येतो, आणि ९७ गुणिले ९४ डोक्यातल्या डोक्यात कसं होतं: ट्रिक, तिचं कारण आणि सरावाची गणितं

२०२५ साल सुरू झालं तेव्हा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरत होता, की हे वर्ष पूर्ण वर्ग आहे, ४५ गुणिले ४५ म्हणजे २०२५, याआधीचं असं वर्ष १९३६ होतं आणि पुढचं २११६ ला येणार. मेसेज खरा होता. त्याच्या मागोमाग मग ट्रिकांचे व्हिडिओ आले, ४ पाचे २०, पुढे २५ लिहा, झालं २०२५! आणि परीक्षांचा सीझन आला की शिष्यवृत्तीवाली मुलं, बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा देणारी मुलं हे व्हिडिओ परत परत बघतात, कारण तिथे कॅल्क्युलेटर चालत नाही आणि एका प्रश्नाला वेळ फार थोडा मिळतो.

अडचण अशी की व्हिडिओत "असं करा" एवढंच सांगतात, "असं का होतं" ते सांगतच नाहीत. आणि कारण माहीत नसलं की पोरं तीच ट्रिक जिथे लागू नाही तिथेही लावून मोकळी होतात, ३५ गुणिले ४५ ला पण पुढे २५ चिकटवतात. म्हणून इथे दोनच ट्रिका घेतो, शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग आणि शंभराच्या आसपासच्या दोन संख्यांचा गुणाकार, पण त्या अगदी मुळापासून. शेवटी सरावाची गणितं आहेत, उत्तरांसकट.

## पहिली ट्रिक: शेवटी ५ असेल तर

आधी कृती. संख्या घ्या ३५. शेवटचा ५ झाका, उरला ३. त्याला त्याच्या पुढच्या संख्येने गुणा, म्हणजे ३ चोक १२. त्याच्यापुढे २५ लिहा. १२२५.

६५ घेतला तर ६ सत्ते ४२, पुढे २५, उत्तर ४२२५. ८५ ला ८ नव्वे ७२, म्हणजे ७२२५. तीन अंकी संख्येलाही हेच, फक्त ५ झाकल्यावर जे काही उरेल ते सगळंच्या सगळं घ्यायचं. ११५ मध्ये ११ उरतात, ११ गुणिले १२ म्हणजे १३२, उत्तर १३२२५. इथे बरीच मुलं फक्त मधला १ घेतात, पहिला १ विसरतात आणि भलतंच उत्तर काढतात, म्हणून "५ सोडून जे उरतं ते सगळं" हे डोक्यात पक्कं बसवा.

## पण हे होतं कसं? आलेख कागदावर करून बघा

मिलिमीटरचे चौकोन असलेला आलेख कागद घरात असेलच, दहावीच्या मुलाच्या दप्तरात तरी नक्की सापडेल. त्यावर ३५ मिमी बाय ३५ मिमीचा चौरस आखून कापा. या चौरसात किती छोटे चौकोन आहेत तेच तर आपल्याला काढायचंय, ३५ गुणिले ३५.

आता उजव्या बाजूची ५ मिमी रुंदीची उभी पट्टी कापून घ्या. मागे जो तुकडा राहिला तो ३० रुंद आणि ३५ उंच. हातातली पट्टी ५ रुंद आणि ३५ लांब. ही पट्टी आडवी करून त्या तुकड्याच्या डोक्यावर ठेवा. तुकडा ३० रुंद आहे आणि पट्टी ३५ लांब, त्यामुळे पट्टीचं ५ मिमीचं टोक बाहेर डोकावेल. ते टोकही कापा. आता समोर काय आहे? एक सरळ आयत, ३० रुंद आणि ३५ अधिक ५ म्हणजे ४० उंच, आणि बाजूला पडलेला ५ बाय ५ चा चिमुकला चौरस.

कागद तेवढाच आहे, एक चौकोनही कुठे गेला नाही. म्हणजे ३५ गुणिले ३५ म्हणजेच ३० गुणिले ४० अधिक २५. तीस चाळीस बाराशे, अधिक पंचवीस. ट्रिकमधला "३ चोक १२" म्हणजे खरं तर हा तीस गुणिले चाळीस, दोन्हीकडचं एकेक शून्य मिळून शंभर झाले, म्हणून १२ हे बाराशे झाले आणि त्या बाराशेच्या रिकाम्या दोन शून्यांच्या जागी २५ जाऊन बसले. आपण "पुढे २५ लिहा" म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात बाराशेत पंचवीस मिळवतोय, चिकटवाचिकटवी काही नाही.

हे एकदा कात्रीने करून बघितलं की मुलं विसरत नाहीत, खरंच. सूत्र पाठ करण्यापेक्षा ती पट्टी आडवी ठेवण्यात जास्त अर्थ आहे असं माझं मत आहे. ज्यांना बीजगणितात बघायचंय त्यांच्यासाठी एक ओळ, ५ सोडून उरलेल्या भागाला अ म्हणा:

(१०अ + ५)² = १००अ² + १००अ + २५ = १०० × अ(अ + १) + २५

## मग ५ लाच का, ३२ ला का नाही?

चालतं की, पट्टी कापायची युक्ती कुठल्याही संख्येला चालते. ३२ ला २ ची पट्टी कापा, ३० गुणिले ३४ अधिक ४, म्हणजे १०२० अधिक ४, १०२४. ३८ ला २ वर खाली करा, ३६ गुणिले ४० अधिक ४, म्हणजे १४४४. पण इथे एकच बाजू गोल संख्या होते, दुसरी ३४ किंवा ३६ राहते. ५ ची गंमत ही की ५ दोन दशकांच्या बरोब्बर मध्ये उभा असतो. ५ खाली गेलं तरी गोल संख्या, ५ वर गेलं तरी गोल संख्या, दोन्ही बाजूंना एकाच वेळी शून्य मिळतं. म्हणून ही ट्रिक एवढी सोपी वाटते.

आणि ही पट्टीची युक्ती काही आजची नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत वर्ग काढायच्या ज्या रीती दिल्यात त्यात ही एक आहेच: आपल्याला सोयीची कुठलीतरी संख्या घ्यायची, तिला ते "इष्ट" म्हणतात, मूळ संख्येतून इष्ट वजा करा, मूळ संख्येत इष्ट मिळवा, दोघांचा गुणाकार करा आणि इष्टाचा वर्ग त्यात टाका. आपण ३५ ला ५ हे इष्ट घेतलं, बस. आणि तिथे सोडवायला दिलेल्या संख्या बघा, ९, १४, "तीनने कमी तीनशे" म्हणजे २९७, आणि दहा हजार पाच! शेवटची तर आपल्याच ट्रिकची आहे. १०००५ मधला ५ झाकला, १००० उरले, १००० गुणिले १००१ म्हणजे १००१०००, पुढे २५. उत्तर १००१०००२५, म्हणजे दहा कोटी एक लाख पंचवीस. आणि २९७ ला इष्ट ३ घ्या, २९४ गुणिले ३०० अधिक ९, ८८२०९. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी ही उदाहरणं कुणीतरी विचार करून निवडलीत हे बघून मला फार भारी वाटतं. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, तेव्हा जळगावकडच्या लोकांना तर हे गणित घरचंच वाटायला हवं.

## साडेच्या पाढ्यात हे आधीच लपलेलं होतं

आपल्याकडे जुन्या लोकांना दीडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दीड दिढे किती? सव्वादोन. अडीच गुणिले अडीच? सव्वासहा. साडेतीन गुणिले साडेतीन? सव्वाबारा. साडेचार गुणिले साडेचार? सव्वावीस. बघा, साडेचा वर्ग दर वेळी "सव्वा" वरच येतो, आणि सव्वा कितीवर, तर तीच आपली ३ चोक १२, ४ पाचे २०. कारण साडेतीन म्हणजे ३५ चा दहावा भाग, त्यामुळे १२२५ चे १२.२५ झाले.

व्यवहारात हा भाग सगळ्यात जास्त कामाला येतो. खोली साडेदहा फूट बाय साडेदहा फूट आहे, फरशी किती लागेल? १० गुणिले ११ म्हणजे ११०, वर पाव. ११०.२५ चौरस फूट. दुकानदाराने कॅल्क्युलेटर काढायच्या आत तुमचं उत्तर तयार.

## ट्रिक थोडी ताणली तर

६३ गुणिले ६७ बघा. दोन्हीकडे दशकात ६ आहे, आणि एककाचे अंक ३ आणि ७, बेरीज १०. इथेही ६ सत्ते ४२, आणि पुढे २५ च्या ऐवजी ३ सत्ते २१. उत्तर ४२२१. कारण तेच, पट्टी यावेळी ३ ची कापली आणि ६७ वर ठेवली, झालं ६० गुणिले ७०, आणि उरलेला तुकडा ३ बाय ७ चा.

पण अटी दोन आहेत आणि दोन्ही लागतात: दशक सारखा हवा आणि एककांची बेरीज १० हवी. ७१ गुणिले ७९ करताना ७ आठे ५६, आणि १ गुणिले ९ म्हणजे ९, पण लिहायचं ०९, उत्तर ५६०९. शंभराच्या खालच्या दोन जागा भरायच्याच असतात, एकच अंक आला तर त्याच्या आधी शून्य. हे दुसऱ्या ट्रिकमध्ये अजून जास्त छळतं, तिथे परत येऊ.

आणि ३५ गुणिले ४५? इथे दशक वेगळे आहेत, ही ट्रिक लागू नाही. इथे भास्कराचार्यांची रीत उलटी वापरा. दोघांच्या मध्ये ४० आहे, दोघंही त्याच्यापासून ५ वर आणि ५ खाली. तर ४० चा वर्ग १६००, त्यातून ५ चा वर्ग २५ वजा, उत्तर १५७५. शेवटी २५ नाही, ७५ आहे, आणि इथेच मुलांचं चुकतं.

## दुसरी ट्रिक: शंभराच्या आसपास

९७ गुणिले ९४. आधी दोघांना शंभराला किती कमी पडतात ते बघायचं, याला आपण तूट म्हणू. ९७ ची तूट ३, ९४ ची तूट ६. आता तिरकं वजा करा, ९७ मधून ६ किंवा ९४ मधून ३, कुठूनही केलं तरी ९१ च येतं. हा झाला उत्तराचा डावा भाग. तुटींचा गुणाकार, ३ सख १८, हा उजवा भाग. उत्तर ९११८.

तूट काढायची सोपी सवय म्हणजे दशक ९ मधून आणि एकक १० मधून वजा करायचा. ८७ असेल तर ९ मधून ८ गेले १, १० मधून ७ गेले ३, तूट १३. हातचा घ्यायची भानगड नाही.

## कारण: ९४ रुपयांच्या ९७ वह्या

समजा शाळेसाठी वह्या घ्यायच्यात, एक वही ९४ रुपयांना, आणि हव्यात ९७. शंभर वह्या घेतल्या असत्या तर हिशोब सोपा होता, ९४०० रुपये. पण आपण ३ वह्या कमी घेतोय, म्हणजे ९४०० मधून ३ वह्यांचे पैसे कमी करायला पाहिजेत.

३ गुणिले ९४ करत बसण्याऐवजी आपण सरळ एका वहीमागे शंभर धरू आणि ३०० कमी करू. राहिले ९१००. हेच आपले ९१! ९४ मधून ३ गेले तो हिशोब म्हणजे ९४ शेकड्यांतून ३ शेकडे गेले. पण थांबा, आपण जास्त कापलेत. वही ९४ ची होती, आपण १०० ची धरली, एका वहीमागे ६ रुपये जास्त कापले, तीन वह्यांमागे १८ रुपये. ते परत मिळवायला हवेत. ९१०० अधिक १८, ९११८.

म्हणजे तुटींचा गुणाकार मिळवायचा का, वजा का नाही करायचा, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं, तो जास्तीचा कापलेला पैसा परत देणं आहे. शाळेत "ऋण गुणिले ऋण म्हणजे धन" असं पाठ केलेलं असतं, ते खरं कशाला म्हणतात ते या १८ रुपयांत दिसतं. आणि ९७ वजा ६ आणि ९४ वजा ३ दोन्हीकडून ९१ च का येतं? कारण ९७ मध्ये ३ आधीच गेलेले आहेत आणि ९४ मध्ये ६ आधीच गेलेले आहेत, तिरकं वजा केल्यावर दोन्हीकडे शंभरातून ३ आणि ६ दोन्ही गेलेले असतात.

एका ओळीत, तुटींना अ आणि ब म्हणून:

(१०० − अ)(१०० − ब) = १०० × (१०० − अ − ब) + अब

## शंभराच्या वर असेल तर, आणि एक वर एक खाली असेल तर

दोन्ही वर असतील तर सगळं मिळवायचं. १०४ गुणिले १०७, वाढ ४ आणि ७. तिरकी बेरीज १०४ अधिक ७ म्हणजे १११, गुणाकार २८, उत्तर १११२८.

एक वर आणि एक खाली असली की लोक गडबडतात. १०३ गुणिले ९६. एकाची वाढ ३, दुसऱ्याची तूट ४. १०३ मधून ४ गेले, ९९. म्हणजे ९९००. आता ३ चोक १२, पण हे १२ मिळवायचे की वजा करायचे? वह्यांवरूनच बघा. ९६ रुपयांच्या १०३ वह्या, शंभरांचे ९६००, वरच्या ३ वह्यांचे आपण शंभराप्रमाणे ३०० धरले, झाले ९९००. पण वही ९६ ची होती, एका वहीमागे ४ रुपये जास्त धरले, तीन वह्यांचे १२. ते जास्त धरलेत म्हणून वजा करायचे. ९९०० वजा १२, उत्तर ९८८८. ज्यांनी नुसती कृती पाठ केलीय ते इथे ९९१२ लिहून येतात.

## उजव्या भागाला दोनच जागा

आता ते शून्याचं. ९९ गुणिले ९८, तूट १ आणि २, डावीकडे ९७, उजवीकडे २. पण उत्तर ९७२ नाही, ९७०२ आहे. डावा भाग शेकड्यांचा आहे, ९७ म्हणजे ९७००, त्यात २ मिळवले. शंभराला दोन शून्यं, म्हणून उजवीकडे दोन जागा. हजार आधार धरला तर तीन जागा लागतील, ९९७ गुणिले ९९६ मध्ये तूट ३ आणि ४, डावीकडे ९९३, उजवीकडे ०१२, उत्तर ९९३०१२.

उलटही होतं. ८८ गुणिले ८७, तूट १२ आणि १३, डावीकडे ७५, उजवीकडे १५६. तीन अंक दोन जागांत मावत नाहीत, मग ७५१५६ लिहायचं का? अजिबात नाही. ७५०० अधिक १५६, म्हणजे ७६५६. १५६ मधला १ डावीकडे हातचा गेला. गोंधळ वाटला तर चिकटवणं सोडून सरळ बेरीज मांडा, कधीच चुकणार नाही.

## उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

नऊची कसोटी बऱ्याच जणांना माहीत असते. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणायची. ९७ चे १६, १६ चे ७. ९४ चे १३, १३ चे ४. ७ चोक २८, २८ चे १०, १० चा १. उत्तर ९११८, बेरीज १९, मग १०, मग १. जुळलं. वरचं चुकीचं ९९१२ घेऊन बघा, १०३ चे ४, ९६ चे ६, गुणाकार २४ चे ६, पण ९९१२ ची बेरीज २१, म्हणजे ३. पकडलं!

पण ही कसोटी सगळं पकडत नाही, आणि हे फार कमी लोक सांगतात. ९७०२ च्या जागी ९७२ लिहिलं तर अंकांची बेरीज दोन्हीची १८ च, शून्याने बेरीज बदलतच नाही. अंकांची अदलाबदल झाली तरीही बेरीज तीच राहते. शून्य सुटलं असेल तर ते अंदाजानेच कळतं. ९९ आणि ९८ दोन्ही शंभराला लागून आहेत, उत्तर दहा हजाराच्या जवळपास यायला हवं, ९७२ कसं असेल? म्हणून आधी अंदाज, मग कसोटी.

पहिल्या ट्रिकसाठी अजून एक छान खूण आहे. लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार नेहमी ०, २ किंवा ६ ने संपतो, २, ६, १२, २०, ३०, ४२, ५६, ७२, ९०, पुढेही तेच चक्र. म्हणून ५ ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग ०२५, २२५ किंवा ६२५ नेच संपतो. परीक्षेत पर्यायात ५४२५ किंवा ७८२५ दिसलं तर न मोजता बाद करा.

## मग सगळीकडे हीच ट्रिक वापरायची का?

नाही. ६८ गुणिले ७३ घ्या. तूट ३२ आणि २७. डावीकडे ४१, उजवीकडे ३२ गुणिले २७, आणि आता हा गुणाकार कोण करणार? तो ८६४ येतो, ४१०० अधिक ८६४ म्हणजे ४९६४, उत्तर बरोबर आहे, ट्रिक खोटी नाही ठरली, पण एका दोन अंकी गुणाकाराच्या जागी दुसरा दोन अंकी गुणाकार करावा लागला, फायदा काय? तुटींचा गुणाकार पाढ्यातला असेल तरच ही रीत धरा. आणि एकच संख्या शंभराजवळ असेल, जसं ९७ गुणिले ४३, तर तूटबिट सोडा, ४३०० मधून १२९ वजा करा, ४१७१.

## हे वेदांत आहे का?

हा प्रश्न येतोच, तर स्पष्ट सांगतो. या ट्रिका "वैदिक गणित" या नावाने ओळखल्या जातात कारण पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं त्याच नावाचं पुस्तक १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं. पहिल्या ट्रिकला त्यात "एकाधिकेन पूर्वेण" हे सूत्र लावलंय आणि दुसरीला "निखिलं नवतश्चरमं दशतः", म्हणजे सगळे नवातून आणि शेवटचा दहातून, आपण तूट काढली तसंच. पण ही सूत्रं उपलब्ध वैदिक ग्रंथांत सापडत नाहीत, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत काम केलेले गणितज्ञ श्री. गो. दाणी यांच्यासारख्यांनी हे वारंवार लिहिलंय. गणित मात्र बरोबर आहे, आणि लीलावतीतली रीत तर आपण वर बघितलीच, तिचा लेखक आणि काळ दोन्ही पक्के माहीत आहेत. आपल्या परंपरेचा अभिमान वाटायला एवढं पुरेसं आहे की.

लेखी परीक्षेत मार्क कापतील का, असंही विचारतात. पायऱ्यांना मार्क असतील तर पायऱ्या लिहा, पण "९७ × ९४ = ९४०० − ३०० + १८" ही पण पायरीच आहे, तिच्यात चुकीचं काही नाही.

## सराव

कागद न वापरता करा, फक्त उत्तर लिहा. दुसऱ्या गटात आधी अंदाज बोलायचा.

पहिला गट: ५५ चा वर्ग, १२५ चा वर्ग, ३०५ चा वर्ग, साडेआठचा वर्ग, ७४ × ७६, ८५ × ७५.

दुसरा गट: ९६ × ९३, ९९ × ९१, १०८ × ११२, ८९ × ८६, १०५ × ९४, आणि ९५ × ९५ दोन्ही ट्रिकांनी.

## उत्तरं

पहिल्या गटात ३०२५, १५६२५ आणि ९३०२५ (इथे ३० गुणिले ३१ म्हणजे ९३०, ज्यांनी ३ चोक १२ केलं त्यांनी मधलं शून्य सोडलं). साडेआठचा वर्ग ७२.२५, म्हणजे सव्वाबहात्तर. ७४ × ७६ चं ५६२४. ८५ × ७५ मुद्दाम टाकलंय, दशक वेगळे आहेत, मध्ये ८०, म्हणून ६४०० वजा २५, उत्तर ६३७५.

दुसऱ्या गटात ९६ × ९३ चं ८९२८. ९९ × ९१ चं ९००९, ९०९ नाही. १०८ × ११२ चं १२०९६. ८९ × ८६ मध्ये उजवीकडे १५४ येतात, ७५०० अधिक १५४, उत्तर ७६५४. १०५ × ९४ मध्ये ९९०० मधून ३० वजा, ९८७०.

९५ × ९५ ला पहिल्या ट्रिकने ९ गुणिले १० म्हणजे ९०, पुढे २५. दुसरीने तूट ५ आणि ५, ९५ वजा ५ म्हणजे ९०, पुढे ५ पाचे २५. दोन्हीकडून ९०२५, आणि ९० दोन्हीकडे येणं योगायोग नाही. इष्ट ५ घेतलं की वजा करून ९० आणि मिळवून १०० होतात, ९० गुणिले १०० अधिक २५. पहिल्या ट्रिकमधल्या ९ आणि १० ला एकेक शून्य दिलं की हेच ९० आणि १०० होतात, आणि दुसऱ्या ट्रिकमध्ये तो १०० आधार म्हणून बसलेला असतो. ५ नसलेल्या संख्येलाही हे चालतं, ९६ चा वर्ग हवा असेल तर इष्ट ४ घ्या, ९२ गुणिले १०० अधिक १६, उत्तर ९२१६.